पॉटलकची शीट आणि ॲलर्जीचा रकाना

२४ जणांच्या पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणासाठी, पहिल्यांदा मी फॉर्म पाठवला होता. आधी कोणी काय भरलंय ते फॉर्ममध्ये दिसत नाही, त्यामुळे सहा केक आले. पुढच्या वेळी सगळ्यांना दिसणारी शीट केली आणि ओळी आधीच आखून ठेवल्या: मुख्य पदार्थ ८, सॅलड ४, सूप ३, भात-ब्रेड ४, गोड ३, पेयं २. एका ओळीत एकच नाव. गोडाच्या तीन ओळी भरल्या की गोड संपलं. एकसारख्या पदार्थांचा प्रश्न तिथेच मिटला.

अडलं ते ॲलर्जीच्या रकान्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मी विचारलं होतं, "नट्स नाहीत ना? हो/नाही." अकरा जणांनी "हो" लिहिलं. "हो, नाहीत" की "हो, आहेत"? तीन दिवस एकेकाला फोन करून विचारत बसले. आमच्यातल्या एकीला काजू अजिबात चालत नाही, त्यामुळे अंदाजावर सोडणं शक्यच नव्हतं. एका व्हेगन सॉससमोर "नट्स नाहीत" असं स्पष्ट लिहिलं होतं. फोनवर कळलं की सॉस दाट व्हायला भिजवलेला काजू वाटून घातला होता. करणारी खोटं बोलत नव्हती. नट्स म्हणजे वरून पेरलेले तुकडे, असंच तिच्या डोक्यात होतं.

त्याच रात्री तो रकाना काढला आणि "काय काय घातलंय, सगळं लिहा" असा नवा केला. खाली बारीक अक्षरात लिहिलं: तेल की लोणी, सॉसमध्ये काय, तयार पाकिटावर लेबलमध्ये काय छापलंय. आता "व्हेगन आहे" असं नुसतं लिहून भागत नाही. मध दिसला की तो पदार्थ व्हेगन नाही, आणि जिलेटिन दिसलं तर शाकाहारीसुद्धा नाही, कारण ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. हे वाचणाऱ्यालाच कळतं, कोणाला विचारावं लागत नाही.

हो, एक राहिलंच. पेयं सोडून प्रत्येक प्रकारातली पहिली ओळ व्हेगनसाठी राखून ठेवा आणि सुरुवातीचे दोन दिवस फक्त त्याच ओळी उघडा. व्हेगन पदार्थ शाकाहारी लोकांनाही चालतो, त्यामुळे दोघांचीही सोय होते. उशिरा उघडल्या तर त्या रिकाम्याच राहतात.

मिक्सरला आधीचा काजू लागलेला असेल तर ते कोणत्याच शीटमध्ये येत नाही. म्हणून गंभीर ॲलर्जी असलेल्याने करणाऱ्याशी स्वतः बोलावं, शंका राहिली तर आपला डबा आणावा. प्रत्येक भांड्याला वेगळा चमचा आणि शीटमधली घटकांची ओळ छापलेली चिठ्ठी हवी. पॉटलकच्या दिवशी काजू न चालणारीने १४ नंबरच्या सूपची चिठ्ठी दोनदा वाचली, करणाऱ्याला मिक्सरबद्दल विचारलं आणि मग वाटी भरून घेतली.