आमची वाटचाल : पंचवीस लाखांचा फरक

सोलापुरात नवी पेठेतील एका खोलीत आम्ही टंकलेखन आणि पुस्तक-मांडणीचे काम सुरू केले, तेव्हा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके हाच आमचा धंदा होता. हळूहळू पतसंस्था, नागरी बँका आणि सूतगिरण्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागले. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागत असल्याने ऑगस्ट महिना आमच्याकडे सर्वांत धावपळीचा असतो, आणि अहवालातील अध्यक्षांचे मनोगत बहुधा सगळ्यांत शेवटी हाती येते. इंग्रजीत लिहिलेले हे मनोगत मराठीत आणणे हेच आज आमचे मुख्य काम आहे.

या कामाची शिस्त आम्हाला एका चुकीतून लागली. एका संस्थेच्या मनोगतात ठेवी ९.६ टक्क्यांनी वाढून ४१,२७५ लाख रुपये झाल्याचे वाक्य होते (येथे आकडे मी मुद्दाम बदलून देत आहे). वाचताना सोपे जावे म्हणून मी स्वतः ‘ठेवी ४१३ कोटी रुपयांवर पोहोचल्या’ असे लिहिले. सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी मनोगत आणि ताळेबंद शेजारी धरून विचारले, ‘‘अध्यक्षसाहेब, ताळेबंदात ४१,२७५ लाख आहेत, तुमच्या मनोगतात ४१,३०० लाख होतात. हे २५ लाख कुठून आले?’’ अध्यक्षांना उत्तर देता आले नाही, कारण ते आकडे त्यांचे नव्हतेच, माझे होते. दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलगिरी दिली आणि शुद्धिपत्रक स्वखर्चाने छापून दिले.

तेव्हापासून मुळात लाख असेल तर मराठीतही लाखच राहतात. ४१२.७५ कोटी लिहिले तरी किंमत तीच राहते, पण सभासदाला ताळेबंदातील आकड्याशी ताडून पाहण्यासाठी मनात हिशेब करावा लागतो आणि तेथेच शंका उभी राहते. ‘१.५० कोटी’चे ‘दीड कोटी’ही आम्ही करीत नाही. बोलताना दीड आणि अडीच गोड वाटतात. परंतु दशांशानंतरची दोन स्थळे हिशेब किती बारकाईने मांडला आहे हे सांगत असतात.

खरी कसोटी वाढ-घटीच्या वाक्यांत लागते. निव्वळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण ३.२० टक्क्यांवरून ७५ बेसिस पॉइंटने घटून २.४५ टक्के झाले, हे वाक्य घ्या. आमच्या एका नवख्या सहकाऱ्याने घाईत ‘७५ टक्क्यांनी घट’ असे लिहिले होते. तसे झाले असते तर प्रमाण ०.८० टक्क्यांवर आले असते. ‘०.७५ टक्क्यांनी घट’ लिहिले तरी मूळ प्रमाणाच्या पाऊण टक्का, असा अर्थ कोणी काढू शकतो. म्हणून ‘बेसिस पॉइंट’ हाच शब्द ठेवून, टक्क्याचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट, अशी तळटीप आम्ही संस्थेची परवानगी घेऊन देतो. वाढ ‘९.६ टक्क्यांनी’ झाली की ‘९.६ टक्क्यांवर’ गेली, हे पाहताना त्या एका प्रत्ययावर बोट ठेवूनच आम्ही पुढे जातो.

भाषेबाबत फार सांगण्यासारखे नाही. ‘सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो’ हे संबोधन, ‘अहवाल वर्षात’, ‘करपूर्व नफा’, ‘तरतूद’ हे शब्द ठरलेले आहेत. मूळ मजकुरातील ‘हेडविंड्स’साठी वारा आणायचा नसतो, ‘प्रतिकूल परिस्थिती’ पुरते.

तपासणी मात्र दोघांनीच करायची असते. एक जण इंग्रजी प्रत वाचतो, दुसरा मराठी प्रतीवर खूण करतो, आणि वाचन अंकाअंकाने होते : ‘चार, एक, स्वल्पविराम, दोन, सात, पाच’. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला इतके जवळचे आहेत की पूर्ण संख्या उच्चारली तर चूक निसटते. छापील प्रतीवर १ आणि ९ हे अंक भिंगाखाली पाहतो. युनिकोडमधील मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना रुपयाचे चिन्ह गळते किंवा दशांश बिंदू नाहीसा होऊन ९.६ चे ९६ होतात, म्हणून हे वाचन मांडणी पूर्ण झाल्यानंतर पुन्हा एकदा करतो.

मूळ इंग्रजीतच आकडा चुकला असेल तर? गेल्या हंगामात एका मनोगतात ४१२.७५ आणि ताळेबंदात ४१२.५७ असे आढळले. कोणता बरोबर हे आम्हाला दिसत होते, तरी आम्ही तो बदलला नाही. दोन्ही पानांचे क्रमांक देऊन मुख्य लेखापालांना पत्र पाठवले आणि त्यांची सही येईपर्यंत ते पान छपाईला दिले नाही.