सात नंबरच्या फिनिशरचा भाव 26

मी ऐरोलीला एका ऑफिसात काम करते, इंग्लंडमधल्या लायसन्सवाल्या बुकमेकरसाठी आम्ही क्रिकेटचे भाव काढतो. तिकडची काउंटी टी-ट्वेंटी मॅच संध्याकाळी साडेसहाची म्हणजे आपल्याकडे रात्री 11, टॉस साडेदहाला, त्यामुळे उन्हाळाभर नाईट शिफ्ट. माझ्याकडे टॉप बॅटर मार्केट असतं, म्हणजे टीममध्ये सगळ्यात जास्त रन कोण करणार ते.

त्या रात्री टॉसला कळलं की एका टीमचा नेहमीचा ओपनर दुखापतीमुळे बाहेर आणि त्याच्या जागी आलाय एक फास्ट बॉलर. ओपनरच्या नावावर क्लिक केलं की सिस्टिम त्याला काढते आणि त्याचा वाटा, म्हणजे तो टॉप होण्याचा चान्स, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या प्रमाणात वाटून टाकते. त्याचा वाटा 25 टक्के होता. सगळ्यांचे भाव जरा जरा खाली आले, सात नंबरला खेळणाऱ्या ऑलराउंडरचा 34 चा 26 झाला, म्हणजे एक लावून जिंकला तर 34 ऐवजी 26 परत. दिसायला एकदम नीट, सगळ्या भावांतून निघणाऱ्या चान्सची बेरीज पण 118 टक्के, म्हणजे आमचं मार्जिन धरून जेवढी हवी तेवढीच. मी मार्केट उघडलं आणि चहा आणायला उठले.

परत येते तर त्या ऑलराउंडरवर पाच-सहा बेट, वेगवेगळ्या अकाउंटवरून, रक्कम छोटी पण सगळे त्याच एका नावावर. 26 च्या भावाला कोणी उगाच एवढं लावत नाही. मी पटकन फीड मोठा केला, ग्राउंडच्या कडेला तो पॅड बांधून थ्रोडाऊन घेत होता, आणि बॉल नवाकोरा. सात नंबरवाला मॅचच्या दहा मिनिटं आधी नव्या बॉलवर कशाला प्रॅक्टिस करेल? मार्केट सस्पेंड केलं आणि शिफ्ट लीडला हाक मारली, "दादा, हा ओपनिंगला येतोय वाटतं."

दादांनी विचारलं, "मग भाव किती?"

इथे खरी गोची असते. त्याचा स्ट्राइक रेट 165, तो बघून वाटतं की वर आला तर फेव्हरिटच करून टाकावा. पण तो आउट होतो साधारण दर 12 बॉलला. टॉप व्हायला बहुतेक वेळा 45 च्या आसपास रन लागतात, 165 नी त्याला 27 बॉल हवेत, आणि प्रत्येक बॉलला बारात एक आउट होणारा माणूस 27 बॉल टिकण्याचा चान्स जेमतेम साडेनऊ टक्के. टीमचा दुसरा ओपनर 128 नेच खेळतो, त्याला 35 बॉल लागतात, पण तो 22 बॉलला एकदा आउट होतो म्हणून त्याचा चान्स 20 टक्के निघतो. स्लो आहे तरी दुप्पट.

दादा म्हणाले, "ते 12 बॉल कुठले आहेत बघ ना." बरोबरच होतं, ते सगळे शेवटच्या पाच ओव्हरमधले, चार-पाच जण बाउंड्रीवर उभे आणि पहिल्या बॉलपासून हाणायचंच. पॉवरप्लेमध्ये बाहेर फक्त दोन फील्डर असतात, तीच उचललेली बॉल तिथे रिकाम्या जागेत पडते. म्हणून मी आउट होणं 16 बॉलला एकदा धरलं, आणि नवा बॉल स्विंग होतो म्हणून स्ट्राइक रेट पण 150 वर आणला. आता 30 बॉल लागतात आणि चान्स येतो 14 टक्क्यांच्या वर थोडा. 45 करूनही कधी दुसरा पुढे जातो, कधी 30 लाच टॉप होतो, ते साधारण एकमेकांना खातं. मार्जिन लावून भाव 6. हे 16 आणि 150 माझ्या अंदाजाचे आकडे होते हे मान्य, त्याने आधी ओपनिंग केलीच नव्हती तर डेटा आणणार कुठून. कोलकात्याने 2017 मध्ये सुनील नरेनला वर पाठवलं तेव्हाही खालच्या नंबरचे आकडे बघून त्याचा भाव लावता आला नसता, पुढे 2024 ला त्याने 488 रन केले.

आणि एकट्याचा भाव बदलून भागत नाही. तीन, चार, पाच नंबरवाले जिथल्या तिथेच होते, पण सिस्टिमने बाहेर गेलेल्या ओपनरचा वाटा त्यांनाही दिला होता, जणू त्यांना जास्त बॉल मिळणारेत. ते सगळे भाव मी परत वर नेले. पहिला बॉल पडायला चार मिनिटं असताना मार्केट उघडलं, त्या भावाला त्याच्यावर एकही बेट आली नाही.

तो 19 बॉलमध्ये 31 करून गेला. टॉप झाला चार नंबरवाला, 52.

26 च्या बेट हरल्या म्हणून कोणी मला काही बोललं नाही, पण पहाटे कॅबची वाट बघत मी तेच लिहीत बसले होते, कुणी बाहेर गेला की वाटा आपोआप वाटायचा नाही, आधी पूर्ण ऑर्डर हाताने लावायची आणि मग प्रत्येकाला त्या नंबरचे बॉल द्यायचे. पुढच्या आठवड्यापासून सिस्टिमचं ते बटण बंद आहे.