कागदावर "आणून देणाऱ्यास" लिहिलं होतं

तुम्ही विचारलंत: "वकीलसाहेब, हरवलेली वस्तू आणून देईल त्याला बक्षीस म्हणून कागद लावला होता. वस्तू नेऊन दिली, आता तो पैसे देत नाही. कोर्टात मागता येतात का?"

येतात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १६८ अगदी हेच सांगतं. कागदावर ठरावीक रक्कम असेल तर वस्तू परत देणारा त्या रकमेचा दावा लावू शकतो, आणि रक्कम हातात पडेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवूही शकतो. बक्षीस जाहीरच केलेलं नसेल तर वस्तू सांभाळण्याच्या खर्चापोटी आणि त्रासापोटी ती अडवून ठेवता येते, पण त्या भरपाईसाठी दावा लावता येत नाही. म्हणून कागदावर "योग्य बक्षीस दिले जाईल" एवढंच असलं की मला काळजी वाटते. योग्य म्हणजे किती, हे कोर्टाला ठरवायला काही आधारच नसतो. आकडा हवा.

त्यातही एक गोष्ट सगळ्यात जास्त अडते: कागद कधी वाचला?

एक प्रकरण सांगते. विड्या वळणाऱ्या एक बाई. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ त्यांना रुमालात बांधलेली सोन्याची पोत सापडली. दुसऱ्या दिवशी चौकीत द्यायची असं त्यांनी घरी ठरवलं. त्याच सकाळी गल्लीच्या तोंडाशी खांबावर कागद दिसला. त्यांना वाचता येत नव्हतं, पुतण्यानं वाचून दाखवला आणि मोबाईलवर फोटो काढला: "गड्ड्यात सोन्याची पोत हरवली आहे. आणून देणाऱ्यास रोख ५,००० रु. बक्षीस." खाली फोन नंबर. त्या गेल्या, पोत दिली. मालकानं ५०० रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "प्रामाणिकपणाचे पैसे घेत नसतात, मावशी."

आम्ही नोटीस पाठवली. उत्तर आलं की पोत सापडली तेव्हा कागद लावलेलाच नव्हता, म्हणजे बक्षिसासाठी त्यांनी काही केलंच नाही. हा मुद्दा पोकळ नाही. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त या खटल्यात तोच धरला होता. मालकाचा पुतण्या हरवला, मुनीम शोधायला गेला, मागाहून ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं निघाली. ती ठाऊक नसतानाच मुनिमाला मुलगा सापडला, आणि दावा फेटाळला गेला. जे माहीतच नाही ते स्वीकारणार कसं, असा त्यातला विचार. शिवाय शोधायला जाणं हे त्याचं नोकरीतलं कामच होतं.

पण आपला कागद नीट वाचा. "शोधणाऱ्यास" असं त्यात कुठंच नव्हतं. "आणून देणाऱ्यास" होतं. सापडणं आधी झालं होतं हे खरं, पण कागदानं मागितलेलं काम आणून देण्याचं होतं, आणि ते बाईंनी कागद ऐकल्यावरच केलं. कलम ८ प्रमाणे प्रस्तावातली अट पुरी केली की तोच होकार ठरतो. फोटोवर तारीख आणि वेळ होती, मालकाला केलेला फोन त्यानंतरचा होता. हा क्रम दाखवता आला नसता तर आमची बाजू लंगडी पडली असती.

मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. ते ५०० रुपये. पैसे देणं असलेला माणूस कमी देतो, घेणारा तेवढ्यावर समाधान मानून घेतो, की कलम ६३ प्रमाणे बाकीचं देणं फिटल्यात जमा होऊ शकतं. मालकाच्या उत्तरात हेही लिहिलेलं होतं: "रक्कम स्वखुशीने स्वीकारली." बाईंनी तिथं "बाकीचे कधी?" असं विचारलं होतं, पण पोचपावती नव्हती, साक्षीदार फक्त पुतण्या. असं कोणी कमी पैसे पुढं केले तर घेऊ नका. घ्यायचेच असतील तर तिथल्या तिथं "५०० मिळाले, ४,५०० बाकी" असं लिहून त्याची सही घ्या, किंवा निदान त्याच वेळी मोबाईलवर तेवढा संदेश पाठवा.

पोत हातातून सोडण्याआधी आकडा मागायला हवा होता, हे मी बाईंनाही सांगितलं. तेव्हा त्यांचा तो हक्क होता. मात्र वस्तू वापरायची नाही, गहाण टाकायची नाही, सापडल्याचं लपवायचं नाही. मालक कोण ते कळूनही बेइमानीनं ती आपलीशी केली तर तो गुन्हा होतो.

५,००० रुपयांसाठी दावा लावायचा तर तारखा आणि खर्च परवडत नाहीत, हेही खरं. दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून मी आधी नोटीस पाठवते, पोच जपून ठेवते. दुसऱ्या नोटिशीत मी कागदाच्या फोटोची प्रत जोडली आणि "आणून देणाऱ्यास" या शब्दाखाली रेघ ओढली. दहा दिवसांनी मालकाचा मुलगा ऑफिसात आला, ४,५०० मोजून दिले. बाईंनी पावतीवर अंगठा दिला आणि "बाकी काही राहिली नाही" हे पुतण्याकडून दोनदा वाचून घेतलं.