सरांची काठी आणि हैदराबादचे पत्र

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे निमंत्रण हाती पडले आणि शाळा म्हणून जे काही माझ्या मनात साठले आहे, ते सारे आपल्या भूगोलाच्या सरांपाशीच येऊन थांबते, हे लक्षात आले. आमच्या तुकडीला त्यांचे नाव सांगण्याची गरज नाही. स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा यांविषयी इतर जण लिहितीलच. मी लिहिणार आहे ते मार्च महिन्यातील त्या दुपारींविषयी, जेव्हा सरांनी आमच्याकडून पृथ्वीचा परीघ मोजून घेतला.

इजिप्तमधील सायीन गावी उन्हाळ्यात एका दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्याच दिवशी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि त्या सावलीचा ७.२ अंशांचा कोन म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन्ही गावांमधल्या अंतराची पन्नासपट म्हणजे पृथ्वीचा परीघ होय, ही प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसची युक्ती पुस्तकात दोन ओळींत होती. सरांना ती आपल्या अंगणात करून पाहायची होती. आपल्या नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला हैदराबाद आहे आणि तिथे सरांचा एक जुना विद्यार्थी नोकरीला होता. त्याला पत्र गेले: एक मीटर उंचीची काठी उभी कर, भरदुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोज आणि कळव.

आमची काठी प्रार्थनेच्या पटांगणात उभी राहिली. काठी किंचित कलली तरी कोन बिघडतो, म्हणून सर काठीच्या टोकावरून ओळंबा सोडत आणि सावली काठीच्या बुडापासून न मोजता ओळंब्याखालच्या खुणेपासून मोजायला लावत. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखडतच होती. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला, शिवाय मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या काही मिनिटे मागे असतो, त्यामुळे खरी मध्यान्ह साडेबाराच्या थोडी अलीकडे आली. सावलीचे टोक कुठे संपते हेच मुळी कळेना. सूर्य म्हणजे काही ठिपका नव्हे. त्याच्या बिंबाची रुंदी अर्धा अंश असल्याने सावलीच्या टोकाला सुमारे एक सेंटिमीटरची धूसर किनार राहते. सरांनी दोन्ही गावी गडद भागाची कडाच मोजायची असे ठरवले होते. त्यामुळे कोन दोन्हीकडे सारखाच थोडा कमी येतो आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते.

मग हैदराबादचे आंतरदेशीय पत्र आले. ठरलेल्या दिवशी, २१ मार्चला, तिथे आभाळ भरलेले होते, मोजमाप २२ तारखेचे होते. आमच्यापैकी काहींना वाटले की, एका दिवसाने काय बिघडते? पण त्या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेकडे सरकतो आणि आम्हांला हवा असलेला एकूण फरकच चार अंशांच्या आत होता. म्हणजे एका दिवसाच्या चुकीने उत्तर दहा टक्क्यांनी हलले असते. सरांनी आमच्याकडून आधीपासून रोज सावली मोजून घेतली होती, ती याचसाठी.

२२ तारखेची आमची सावली ३७.२ सेंटिमीटर, हैदराबादची २९.८. कोन अनुक्रमे २०.४ आणि १६.६ अंश, फरक ३.८. सरांनी मुद्दामच आधी रस्त्याचे अंतर, सुमारे ५०० किलोमीटर, फळ्यावर लिहिले आणि ३६० ला ३.८ ने भागून गुणाकार करायला सांगितला. उत्तर ४७,००० च्या वर गेले. मग त्यांनी नकाशा उघडून केवळ उत्तर-दक्षिण अंतर काढायला लावले. ते ४१६ किलोमीटर भरले आणि परीघ आला सुमारे ३९,४००. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे, हे त्यांनी त्यानंतरच सांगितले.

"हे ४१६ आपल्याला आयते मिळाले," असे म्हणून सरांनी इंग्रज भूमापक विल्यम लॅम्ब्टनविषयी सांगितले. त्याने दक्षिणेतून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हे अंतर मोजत आणले, आणि सावलीऐवजी ताऱ्यांवरून कोन घेतले, कारण ताऱ्याला धूसर किनार नसते. हैदराबादहून नागपूरकडे येताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. ते ऐकूनच मी पुढे भूमापनाकडे वळलो आणि आयुष्यभर तेच काम केले. आज उपग्रहांवरून क्षणात स्थान कळते, तरी जमिनीवरचे अंतर आणि आकाशातला कोन वेगवेगळे मोजायची सवय मला सरांनी लावली.

पटांगणावर आता पत्र्याचे छप्पर आले आहे, असे ऐकतो; मुलांना ऊन लागू नये हे खरे, पण मला त्याचे फार वाईट वाटले. काठीसाठी गच्ची तरी मोकळी ठेवावी, अशी व्यवस्थापनाला विनंती आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज बंगळुरूत आहेत. नागपूर आणि बंगळुरू यांच्यात ८.२ अंशांचा फरक आहे, म्हणजे सावली मोजताना होणाऱ्या एका मिलिमीटरच्या चुकीचा परिणाम हैदराबादच्या मानाने निम्म्याहूनही कमी राहील. येत्या मार्चमध्ये तिकडची सावली मोजायला कोण तयार आहे, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावे. नागपूरची काठी मी स्वतः उभी करीन.