मेडिकल ‘होल्ड’वर गेलेले बारा दिवस

बुटीबोरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी मला मागच्या फेब्रुवारीत लागली. मुलाखत, लायसनची तपासणी, गाडी चालवून दाखवणं, सगळं एका दिवसात आटोपलं. पत्रात शेवटी एक ओळ होती: मेडिकल फिटनेसच्या अधीन राहून. त्या एका ओळीने माझे बारा दिवस खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी राळेगाव तालुक्यातला. तोवर जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी उचलायची फोर्कलिफ्ट चालवत होतो. पत्र हातात आलं त्याच संध्याकाळी मी जिनिंगच्या मालकाला नोकरी सोडतो म्हणून सांगून आलो. ही माझी पहिली चूक. ‘फिट’ असा कागद हातात येईपर्यंत चालू काम सोडू नका.

दुसरी चूक विचारण्यातली. भरती करणाऱ्या एजन्सीच्या मॅडमना मी फोनवर विचारलं, “मॅडम, मेडिकलमध्ये काय काय असते?” त्या म्हणाल्या, “दादा, नॉर्मल मेडिकल आहे. रक्त, लघवी, डोळे.” मी बरं म्हटलं आणि ठेवून दिला. लघवीत साखर बघतात की नशेचे पदार्थ, हे विचारायला पाहिजे होतं.

नागपूरच्या लॅबमध्ये डोळे, रंग ओळखायचे ठिपक्यांचे आकडे, कान, बीपी, छातीचा एक्स-रे, हे भराभर झालं. मग लघवीचा कप दिला. बाहेरून एक पट्टी होती, नमुना ताजा आहे का ते तापमानावरून कळावं म्हणून. बाटलीला माझ्यासमोर सील लावलं आणि लेबलवर माझी सही घेतली. हे तुमच्यासमोर करत नसतील तर करायला सांगा. पुढे माझं सगळं त्याच सीलबंद बाटलीवर अवलंबून राहिलं.

थोडा नमुना त्यांनी तिथेच पाच खिडक्यांच्या किटवर टाकला. चार खिडक्यांत दोन-दोन रेषा आल्या, एकीत एकच. मला वाटलं, एक रेष म्हणजे काही सापडलं नाही. या किटचं उलटं असतं. वरची रेष फक्त किट चालू आहे एवढं सांगते. खालची रेष दिसली, अगदी पुसट का होईना, तर निगेटिव्ह. खालची रेष आलीच नाही, तर तो पदार्थ मर्यादेच्या वर आहे. माझी अफूच्या गटाची रेष आलीच नव्हती. टेक्निशियनने मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला: मेडिकल होल्ड. बस्स, दोन शब्द. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अपडेट आलं की कळवते.” दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी जन्मात कधी नशा केली नाही. घरात माय दर तासाला विचारे, “काय म्हनते रे ते बाई?” गावात कोणाला काय सांगू, हा वेगळाच घोर.

रुईच्या धुळीने मला महिनाभर खोकला होता. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी दिलेलं सिरप मी रोज रात्री घेत होतो, टेस्टच्या आदल्या रात्रीही. चौथ्या दिवशी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले: कोडीन. कोडीन अफूच्याच घराण्यातलं औषध आहे, आणि शरीरात गेल्यावर त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन होतं. किटला एवढंच कळतं की या घराण्यातलं काहीतरी आहे. ते खोकल्याचं औषध की हेरॉइन, हे किट सांगू शकत नाही. म्हणून किटचा निकाल अंतिम धरायचा नसतो.

फोनने काम होत नाही हे कळल्यावर मी मॅडमना ईमेल केला, आणि त्यात हेच प्रश्न लिहिले:

किटवर कोणता पदार्थ निघाला? त्याची मोठ्या मशीनवर खात्रीची तपासणी होणार का, आणि त्याच सीलबंद नमुन्यावर होणार का? मी डॉक्टरांनी दिलेलं औषध घेत होतो, त्याचे कागद कोणाला द्यायचे? निकाल लागेपर्यंत माझी जागा किती दिवस राखून ठेवणार? आणि रिपोर्ट कोण बघणार, तुम्ही की कंपनीचे डॉक्टर?

लेखी गेल्यावर त्याच संध्याकाळी उत्तर आलं. तेव्हा कळलं की मॅडमना स्वतःलाही कारण माहीत नव्हतं. रिपोर्ट कंपनीच्या डॉक्टरांकडे जातो, एजन्सीला फक्त फिट, अनफिट, होल्ड एवढंच दिसतं. चार दिवस मी चुकीच्या माणसाला फोन करत होतो. त्यांनी डॉक्टरांच्या ऑफिसचा ईमेल दिला आणि जागा पंधरा दिवस राहील असं लिहून दिलं.

आता चिठ्ठी पाहिजे होती, आणि चिठ्ठी हरवली होती. पांढरकवड्याचे डॉक्टर लग्नासाठी गावाला गेलेले. वाचवलं ते मेडिकलवाल्या काकांनी. कोडीनचं सिरप एच-वन यादीत आहे. ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकलं की दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. काकांनी पान उघडलं, माझी ओळ सोडून बाकी पेशंटच्या नावांवर कागद ठेवला, झेरॉक्स काढली, शिक्का मारला. बाटलीच्या फोटोसोबत ती मी पाठवली.

कंपनीच्या डॉक्टरांचा स्वतः फोन आला. किती दिवस घेत होता, शेवटचा डोस कधी, असं विचारून ते म्हणाले, “खसखस घातलेला सावजी रस्सा वगैरे खाल्ला होता का?” मला आधी कळेना. खसखशीतही मॉर्फिनचा अंश असतो. किटची मर्यादा एक मिलीलिटरला 300 नॅनोग्रॅम असेल तर नुसत्या खाण्यानेही ती ओलांडली जाऊ शकते. अमेरिकेत सरकारी तपासणीसाठी ही मर्यादा 1998 मध्ये 2000 केली, त्यामागे हेही कारण होतं.

सीलबंद बाटली खात्रीच्या तपासणीसाठी जीसी-एमएस नावाच्या मोठ्या मशीनवर गेली. कोडीन भरपूर, मॉर्फिन त्याहून कमी, आणि हेरॉइनची खूण असलेला पदार्थ नाही. हा हिशोब औषधाशी जुळला. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला पटलं: कोडीनने झोप येते, म्हणून निकाल क्लिअर झाला तरी ते सिरप घेत असताना फोर्कलिफ्टवर बसायचं नाही. माझ्या डॉक्टरांनी परत आल्यावर औषध बदलून दिलं.

एक राहिलं. ‘खूप पाणी पिऊन जा’ असं पोरं सांगतात, ते ऐकू नका. लघवी फार पातळ झाली की क्रिएटिनिन कमी येतं, नमुना बाद होतो आणि पुन्हा बोलावतात. त्यापेक्षा कप हातात घेण्याआधीच चालू औषधांची नावं फॉर्मवर लिहा. माझ्या फॉर्मवर तो रकाना होता, मी त्यात ‘नाही’ लिहिलं होतं, कारण खोकल्याचं सिरप म्हणजे औषध असं डोक्यातच आलं नाही. आणि टेस्टच्या यादीत एचआयव्ही दिसली तर विचारा का म्हणून. नोकरीची अट म्हणून ती करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. मेडिकलचे पैसे माझ्याकडून कोणी घेतले नाहीत. कोणी स्वतःच्या नंबरवर मागितले तर आधी कंपनीत फोन करून खात्री करा.

बाराव्या दिवशी सर्टिफिकेट आलं. त्यावर लिहिलं होतं: फोर्कलिफ्ट चालवण्यास फिट. कोडीनचा शब्द कुठेच नव्हता, आणि मॅडमनाही तेवढीच ओळ गेली होती. खात्रीच्या रिपोर्टची प्रत मी डॉक्टरांकडून वेगळी मागून घेतली. ती आणि काकांची झेरॉक्स, दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवल्या आहेत.