दहा टक्क्यांचा हिशोब

"भाडं दहा टक्क्यांनीच कमी झालं होतं ना? मग रस्त्याकडचा प्लॉट विकायची वेळ का आली?"

लग्नात, सौद्याच्या हॉलमध्ये, बँकेच्या पायरीवर, सगळीकडे हेच ऐकतोय. विचारणाऱ्याच्या मनात काय असतं तेही कळतं: पैसा दुसरीकडे कुठंतरी गेला असणार. कुठंही गेला नाही. आज आकडे मांडतो.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजचा धंदा म्हणजे भाड्याचा धंदा. साध्या वर्षी आमचं भाडं 100 लाख येतं. त्यात मालाबरोबर वाढणारा-घटणारा खर्च, म्हणजे हमाली, मोजणी आणि विजेचा थोडा भाग, मिळून 15 लाख. उरले 85. त्यातून 51 लाख ठरलेला खर्च जातो: पगार (त्यात माझाही), विमा, दुरुस्ती, घसारा आणि विजेचा मोठा हिस्सा.

विजेचं ऐकून लोक चमकतात. माल निम्मा तर वीजही निम्मी, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. चेंबरमध्ये 200 टन असोत की 400, बाहेरची एप्रिल-मेची उष्णता भिंतीतून आणि छतातून तेवढीच आत येते आणि 4-5 अंश राखायला कॉम्प्रेसरला तेवढंच पळावं लागतं. गरम माल आत येतो तेव्हा तो थंड करायला लागते तेवढीच वीज मालाबरोबर बदलते. वर मागणी आकार, म्हणजे वीज कमी वापरली तरी द्यावा लागणारा आकार, असतो तो वेगळाच.

म्हणजे साध्या वर्षी व्याजाआधीचा नफा 34 लाख. आता भाडं दहा टक्क्यांनी पडलं की 85 चे 76.5 होतात, पण 51 जागचे हलत नाहीत. नफा 34 वरून 25.5 वर येतो. भाड्यात दहा टक्के घट, नफ्यात पंचवीस. 85 ला 34 ने भागा, 2.5 येतात. हीच ऑपरेटिंग लिव्हरेजची डिग्री. लिव्हरेज म्हणजे तरफ. पहारीचं हातातलं टोक वीतभर दाबलं की दुसऱ्या टोकाचा दगड किती हलेल, ते टेकू कुठं आहे त्यावर ठरतं. आमचा टेकू म्हणजे ते 51 लाख.

त्यावर दुसरी पहार कर्जाची. दोन कोटी, 11 टक्क्यांनी, व्याज 22 लाख. 34 मधून 22 गेले की हातात 12. पडलेल्या वर्षी 25.5 मधून तेच 22 गेले की 3.5. कर बाजूला ठेवला तरी 12 चे साडेतीन. 34 ला 12 ने भागलं की 2.83, ही फायनान्शियल लिव्हरेजची डिग्री. दोन्ही तरफा एकमेकींना गुणतात: अडीच गुणिले 2.83 म्हणजे सुमारे सात. भाडं दहाने पडलं, नफा सत्तरने पडला.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. सीएंनी सांगितलं होतं. पण त्याआधीच्या वर्षी भाडं 110 लाख आलं होतं, आणि तीच तरफ वरच्या दिशेने चालून नफा 12 वरून 20.5 झाला होता. मी तो माझा हिशेबीपणा समजलो. प्लॉट त्याच वर्षीच्या पैशातून घेतला. तेव्हा धंदा दहा टक्क्यांनीच वाढलाय, मग एवढा नफा कसा, असं मला कुणीही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

मग ते वर्ष आलं. अवकाळी पावसात द्राक्षं गेली, शेडवर माल कमी पडला, भाडं 90 लाखांवर थांबलं. कागदावर साडेतीन लाखांचा नफा होता. पण घसाऱ्याचे 15 लाख खिशातून जात नाहीत, आणि कर्जाच्या मुद्दलाचे 24 लाख नफ्याच्या हिशोबात कुठंच दिसत नाहीत. रोखीत साडेपाच लाख कमी पडले.

यापुढचं मी आजवर कुणाला नीट सांगितलं नाही. जूनमध्ये ठरवलं की एक चेंबर बंद करायचं, त्यातला माल बाकीच्यांत सामावायचा आणि ठरलेला खर्च खाली आणायचा. मोठ्या भावाने अडवलं होतं. म्हणाला, "अरे, पावसाळ्यात थंड माल बाहेर काढू नकोस." मी म्हणालो, "दादा, हप्ता कोण भरणार?" चौदा वर्षं असलेल्या ऑपरेटरला घरी बसवलं, तेही त्याच आठवड्यात. दोन दिवस हमाल लावून 15 किलोच्या पेट्या हलवल्या. बाहेर ओलसर हवा. पॅसेजमध्ये आलेल्या पेट्यांवर थोड्याच वेळात दव धरलं, बोट फिरवलं की ओलं व्हायचं. पुठ्ठे मऊ पडले. जागा कमी म्हणून थप्प्यांमधल्या वाटा बुजवल्या, छतापर्यंत रचलं, आणि गार हवा मधल्या पेट्यांपर्यंत पोचेना.

ऑगस्टमध्ये तासगाव तालुक्यातले एक काका माल न्यायला आले. मधली पेटी फोडली तर हिरवा-पिवळा बेदाणा तपकिरी झालेला, गठ्ठे बांधलेले. काका ओरडले नाहीत. एक गठ्ठा हातात घेऊन बोटांनी सुटा करायचा प्रयत्न करत राहिले, मग म्हणाले, "बाळा, शेडवर पंधरा दिवस मी यांच्याजवळ झोपलो होतो." त्यांची भरपाई दिली. विजेचं बिल नावापुरतं उतरलं, कारण मागणी आकार तोच आणि कॉम्प्रेसरही सगळ्या चेंबरना मिळून एकच. ठरलेला खर्च वर्षाच्या मध्यात ठरवून कमी होत नाही, हे मी त्या पेटीसमोर शिकलो. भरपाई आणि हप्ता मिळून प्लॉट गेला. ऑपरेटर परत आला नाही. तो दुसऱ्या स्टोअरेजला लागला.

आता भागीदाराचं. कर्ज घेताना चुलतभाऊ एक कोटी घालायला तयार होता, निम्म्या वाट्यावर. मी नाही म्हणालो. तेव्हाचं माझं म्हणणं असं की व्याज ठरलेलं असतं, भागीदार मात्र चांगल्या वर्षी निम्मं नेतो. ते खोटं नव्हतं. त्याला घेतलं असतं तर व्याज 11 लाख झालं असतं. साध्या वर्षी माझ्या वाट्याला साडेअकरा आले असते, चांगल्या वर्षी 15.75, वाईट वर्षी 7.25. कर्जावर मला मिळाले 12, 20.5 आणि 3.5. सरासरी काढा, कर्जाच्या बाजूला वर्षाला अर्धा लाखच जास्त आहे. त्या अर्ध्या लाखासाठी मी एवढे हेलकावे पत्करले. पण चांगल्या वर्षाचे 20.5 मी प्लॉटमध्ये न घालता बाजूला ठेवले असते, तर कदाचित हेलकावेही सोसले असते. म्हणजे चूक कर्जाची की माझी? मला अजून सांगता येत नाही.

आणखी एक. सात हा आकडा कायमचा नाही. तो 100 लाखांच्या पातळीवरचा आहे. 85 ला थेट 12 ने भागलं तरी तेच सात येतात. 90 लाखांवर तोच भागाकार केला, 76.5 भागिले 3.5, की जवळजवळ 22 येतात. सुमारे 86 लाखांच्या भाड्याला नफा शून्य होतो, आणि त्या रेषेच्या जितकं जवळ जावं तितकी पहार लांब होते. म्हणून यंदाही माल उतरू लागला की मी टक्केवारी बघत नाही. 86 च्या वर किती लाख आहोत, एवढंच बघतो. काल रात्रीपर्यंत सात होते.