तीस दिवसांच्या आत निर्गत

आमच्या जिल्ह्यातला पूर्वेकडचा एक तालुका फेरफार नोंदींच्या निर्गतीत सलग तीन महिने पहिला आला. तीस दिवसांवरील प्रलंबित नोंदी शून्य. साताऱ्यात मासिक आढावा बैठकीत पडद्यावर तो तक्ता लागला की त्या तालुक्याची ओळ हिरवीगार आणि बाकीच्यांच्या ओळींत लाल ठिपके. प्रांतसाहेबांनी मला सांगितलं, "मॅडम, जाऊन बघा, यांनी नेमकं काय केलंय. चांगलं असेल तर बाकीच्या तालुक्यांना लावू." मी नायब तहसीलदार आहे, महसुलात माझी नोकरी बरीच झाली आहे. शिकण्यासारखं काहीतरी सापडेल, याच मनाने मी मे महिन्यात तिकडे गेले.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. जमिनीचा मालक बदलला, वारला, कर्ज काढलं, की सातबाऱ्यावर तो बदल येण्याआधी फेरफार नोंद धरावी लागते. तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात) गाव नमुना 6 मध्ये नोंद धरतो, चावडीवर प्रत लावतो आणि ज्यांचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस काढतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, नोंद तपासून प्रमाणित करतो. हे सगळं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 150 मधलं आहे. आता ते ई-फेरफार प्रणालीवर होतं, त्यामुळे कुठली नोंद किती दिवस पडून आहे ते वर बसलेल्या कुणालाही दिसतं.

गोम आहे ती ‘निर्गत’ या रकान्यात. नोंद प्रमाणित झाली तरी निर्गत, नामंजूर झाली तरी निर्गत. आढाव्याच्या तक्त्यात दोन्ही एकाच आकड्यात मिळून येतात.

मी तीन तलाठी सज्जांच्या जानेवारी ते मार्चच्या नोंदींची यादी काढली. निर्गत 212, त्यांतल्या नामंजूर 58. चौथ्या हिश्शाहून जास्त नामंजूर नोंदी पाहून मी थांबले. नामंजुरी म्हणजे लबाडी असं अजिबात नाही. तुकडेबंदीचा भंग होत असेल, वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकली असेल, तर नामंजूर करणं हेच सर्कलचं काम आहे. म्हणून मी कारणं वाचण्याआधी दिवस मोजले. 58 पैकी 37 नोंदी पंचविसाव्या ते तिसाव्या दिवसाच्या दरम्यान नामंजूर झालेल्या. कायदेशीर त्रुटी असेल तर ती पाचव्या दिवशीही दिसते आणि विसाव्या दिवशीही. ती नेमकी मुदत संपता संपताच दिसू लागली, तर निर्णय कागद बघून झालेला नाही, कॅलेंडर बघून झालेला आहे.

मग मी एप्रिल आणि मेच्या नोंदी त्याच यादीत घातल्या आणि सगळी यादी गट नंबरप्रमाणे लावली. आकडे आपोआप जोडीजोडीने खाली आले. तोच गट, तीच माणसं, तोच फेरफाराचा प्रकार, फक्त नोंद क्रमांक नवा. 58 पैकी 44 गट पुन्हा आले होते. म्हणजे काम संपलेलं नव्हतं. जुनी नोंद मारून नवी धरली की दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांतली एक संचिका मी पूर्ण वाचली आणि त्या बाईंना भेटायला गेले. नवरा नोव्हेंबरात वारला. दीड एकर बागायत, दरवर्षी आलं लावायचं रान. मुलगा माथाडी कामगार, कोपरखैरणेला राहतो, मुलगी फलटणला दिलेली. वारस म्हणून तिघांची नावं लागायची होती. वाद नाही, हरकत नाही, इतकं सरळ प्रकरण क्वचित बघायला मिळतं. नोंद धरली 24 फेब्रुवारीला. आजींना आणि मुलीला नोटीस पोचली, मुलाची टपालाने मुंबईला गेली. तिची पोच परत आली नाही. 25 मार्चला, म्हणजे एकोणतिसाव्या दिवशी, सर्कलचा शेरा पडला: "हितसंबंधितांना नोटीस बजावल्याचा अहवाल प्राप्त नाही, सबब नोंद नामंजूर."

हा शेरा मी दोनदा वाचला. नोटीस बजावणं हे अर्जदाराचं काम नाही, आमच्या खात्याचं आहे. आपलंच काम राहिलं हे कारण दाखवून आपणच त्या बाईंची नोंद फेटाळली, आणि तक्त्यात ती मुदतीत निर्गत म्हणून हिरव्यात गेली. 21 एप्रिलला नवी नोंद धरली. मी गेले 14 मे रोजी, तेव्हा तिला तेवीस दिवस झाले होते, म्हणजे तीही मुदतीत. प्रणालीच्या लेखी या प्रकरणात कुठेच उशीर नव्हता.

आजी म्हणाल्या, "कागदं म्या मार्गशीर्षातच दिली की ओ, अण्णासाहेबांच्या हातात. डिसेंबर लागला व्हता. ते म्हनले, ठेवा, बघतो." अण्णासाहेब म्हणजे तलाठी. आवक नोंदवहीत तो अर्ज नव्हता. दिवसांची मोजणी नोंद धरल्यापासून सुरू होते, कागद हातात घेतल्यापासून नाही. त्यामुळे ज्या महिन्यात ताण जास्त असेल त्या महिन्यात कागद तलाठ्याच्या बॅगेतच राहतात.

तोवर आल्याची लागण तोंडावर आली होती. बेणं महाग, आणि सातबाऱ्यावर नाव नसल्याने सोसायटीचा सचिव नवीन पीककर्जाचा अर्ज घेईना. त्याचंही चूक नाही, मयताच्या नावावर तो कर्ज कसं देणार? शेवटी आजींनी बेण्याच्या व्यापाऱ्याकडूनच उचल घेतली, माल त्यालाच घालायच्या बोलीवर. भाव काय मिळेल ते तो ठरवणार. नोंद 22 मे रोजी प्रमाणित झाली, पण उचल त्याआधीच झाली होती. एका शेऱ्याने त्या घराचं वर्षाचं गणित बदललं, आणि आमच्या कुठल्याच रकान्यात ते दिसणार नव्हतं. मला सगळ्यात जास्त त्रास याचा झाला.

सर्कलशी बोलले. माणूस वाईट नाही, कुणाकडून पैसे घेतल्याची एकही तक्रार नाही. त्याने उलट मलाच विचारलं, "मॅडम, पोच टपालात अडकली तर मी काय करू? प्रमाणित केली आणि उद्या मुलगा म्हणाला मला नोटीसच नाही, तर चौकशी माझी. ठेवली तर सोमवारच्या व्हीसीत माझं नाव घेऊन उभं करतात. नामंजूर केली तर कुणी काही विचारत नाही. अपिलाची सोय आहेच त्यांना." अपिलाची सोय आहे, प्रांताकडे, कलम 247 खाली, साठ दिवसांत. पण गावातल्या माणसाने त्यासाठी वकील करायचा आणि तारखा घ्यायच्या. म्हणून लोक अपील करत नाहीत, मुकाट नवा अर्ज देतात, आणि तो नवा अर्ज पुन्हा तालुक्याची निर्गत वाढवतो. एकाच कामाच्या दोन निर्गती.

त्याच्या बोलण्यातला खरा भाग मी अहवालात लिहिला. त्याच्यासमोर तीन वाटा होत्या आणि ज्या वाटेने माणसाचं काम होतं, नेमक्या तिथेच शिक्षा ठेवली होती. एक सर्कल, हाताखाली गावं कितीतरी, तलाठ्यांकडे दोन-दोन सज्जांचा कार्यभार, आणि वरून फक्त एक आकडा विचारला जातो. त्याला शून्य सांगता येणं सोपं होतं, म्हणून त्याने शून्य सांगितलं.

नामंजुरीचं प्रमाण कमी करा असं लक्ष्य द्या, अशी सूचना बैठकीत आली. मी तिला विरोध केला. तसं केलं असतं तर नामंजूर करण्यासारख्या नोंदीही प्रमाणित झाल्या असत्या, वर्ग 2 च्या जमिनी बिनदिक्कत फिरल्या असत्या, नाहीतर कागद बॅगेत आणखी वाढले असते. प्रांतसाहेबांनी वेगळा बदल केला. तक्त्यात प्रमाणित आणि नामंजूर हे रकाने वेगळे केले. नामंजूर झालेला गट नव्वद दिवसांत पुन्हा आला तर दिवस पहिल्या नोंदीपासून मोजायचे. फक्त टपालाच्या पोचेसाठी थांबलेल्या नोंदी वेगळ्या रकान्यात दाखवायच्या, त्यांच्यावरून कुणाला उभं करायचं नाही. आणि दर महिन्याला दहा नामंजुरीचे शेरे तहसीलदारांनी स्वतः पूर्ण वाचायचे. या शेवटच्या सूचनेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, कारण कारण खरं की बनावट हे वाचल्याशिवाय कळत नाही.

पहिल्याच महिन्यात तो तालुका खाली घसरला. साताऱ्यात विचारणा झाली, प्रांतसाहेबांनी उत्तर दिलं आणि तक्ता बदलला नाही. नामंजुरीच्या शेऱ्यांची भाषा मात्र बदलली. एकच ठरावीक वाक्य जाऊन दर नोंदीला निराळं कारण येऊ लागलं. काही कारणं खरीच चांगली होती, काही नुसतीच नवी. गट नंबर लावून पाहिलं की फरक कळत होता.

बॅगेतल्या कागदांचा प्रश्न अवघड निघाला. खरेदीखताला तो येत नाही, कारण दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला की माहिती थेट ई-फेरफारमध्ये येते. वारस आणि बोजा यांचे अर्ज मात्र हातोहात दिले जातात. त्यासाठी आम्ही लोकांना ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायला सांगतो आहोत. तिथे अर्ज केल्या दिवसाची तारीख आणि क्रमांक मिळतो, ती तारीख कुणाला मागेपुढे करता येत नाही. सेतूवाल्याला थोडे पैसे द्यावे लागतात, पण हातात पुरावा राहतो.

आता ई-हक्कवरून ‘त्रुटी पूर्तता’ म्हणून परत गेलेले अर्ज वाढताना दिसताहेत. परत गेलेला अर्ज प्रलंबितमध्ये धरत नाहीत. मी गेल्या आठवड्यात त्या अर्जांची यादी मागवली आहे, गट नंबर आणि परत पाठवल्याच्या तारखेसह.